भावाचा हिस्सा विकत घेताना: किंमत, हप्ते आणि हक्कसोडपत्र

वडिलांच्या मागे राहिलेल्या घरात एक भाऊ राहतो, दुसरा नोकरीच्या गावी स्थायिक झालेला असतो. दूरचा म्हणतो, माझा हिस्सा तू घे आणि मला पैसे दे. दोघांचं तोंडी पटतं, आकडाही ठरतो. पुढे बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो: 'हक्कसोडपत्र विनामोबदला करा, स्टँप वाचेल, पैसे आपापसात द्या.' हा लेख मुख्यतः या सल्ल्याच्या विरोधात आहे. पैसे देऊन हक्क सुटत असेल, तर दस्तात पैसे दिसले पाहिजेत. ते का आणि कसे, हे एका उदाहरणातून पाहू. नियम महाराष्ट्रातले आणि वारसाहक्क हिंदू कायद्याचा धरला आहे. इतर धर्मीयांचे हिस्से वेगळ्या रीतीने ठरतात.

आधी हिस्सा किती, ते ठरवा

उदाहरण असं. वडील मृत्युपत्र न करता गेले. घर त्यांनी स्वकमाईतून बांधलेलं. मागे आई, घरात राहणारा थोरला, हिस्सा देणारा धाकटा आणि लग्न झालेली बहीण. दोघा भावांच्या बोलण्यात घर 'अर्धं अर्धं' असतं, पण कायद्यात तसं नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे आई, मुलगे आणि मुलगी हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो. म्हणजे धाकट्याचा हिस्सा एक चतुर्थांश. त्याने निम्म्या घराचे पैसे घेतले, तरी तो एक चतुर्थांशच देऊ शकतो. उरलेला बहिणीचा किंवा आईचा असतो, आणि तो त्यांच्या सहीशिवाय सुटत नाही.

आजीही हयात असेल, तर मुलाची वारस म्हणून तीसुद्धा वाटेकरी असते. एखादा भाऊ आधीच वारला असेल तर त्याची बायको-मुलं त्याच्या जागी येतात. त्यात कुणी अज्ञान म्हणजे अल्पवयीन असेल, तर त्याचा हिस्सा सोडायला न्यायालयाची परवानगी लागते. घर वडिलांच्याही आधीपासूनचं, वडिलोपार्जित असेल तर हिशेब आणखी बदलतो, कारण २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही जन्मतः हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो वडील हयात असण्यावर अवलंबून नाही असं स्पष्ट केलं. अशा घराचे हिस्से वकिलाकडून लेखी मांडून घ्या.

हिस्सा ठरल्यावर कागद पाहा. शहरात मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, गावठाणात जिथे ती नाही तिथे ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा, सोसायटीत भाग प्रमाणपत्र. त्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर पहिलं काम वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज देऊन सगळ्या वारसांची नावं लावून घ्या. बहिणीचं नाव 'ती काही मागणार नाही' म्हणून गाळू नका. तिला सोडायचं असेल तर तिने स्वतःचं हक्कसोडपत्र करावं. नाव न लावल्याने तिचा हक्क जात नाही. तो फक्त उताऱ्यावर दिसत नाही आणि दहा वर्षांनी घर विकायला काढलं की समोर येतो.

सोबत धाकट्याच्या हिश्श्यावर बोजा आहे का तेही बघायला हवं. भावाची चौकशी करणं अवघड वाटतं, पण त्याच्या धंद्याच्या कर्जाची जप्ती या हिश्श्यावर येऊ शकते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून जुने दस्त शोधा, न्यायालयांच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने दावा आहे का पाहा. जमलं तर वकिलामार्फत वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या.

किंमत: एक आकडा नको, त्याची मांडणी हवी

भावांमधली भांडणं आकड्यावरून जितकी होतात, त्याहून जास्त 'हा आकडा आला कुठून' यावरून होतात. म्हणून किंमत तुकड्यांत मांडा. शासनमान्य मूल्यांकनकार नेमा, त्याची फी दोघांनी निम्मी निम्मी द्या, आणि तो अहवाल दोघांच्या नावाने घ्या. एकाने आणलेला अहवाल दुसऱ्याला कधीच खरा वाटत नाही.

आपल्या उदाहरणातलं घर २०० चौरस मीटर जागेवर आहे. आसपासच्या अलीकडच्या व्यवहारांवरून जागेचा दर २६,००० रुपये मीटर धरला, तर जागा ५२ लाखांची. बांधकाम १२० चौरस मीटर. आज तेवढं बांधायला मीटरला २०,००० धरून २४ लाख लागतील. पण घर तीस वर्षांचं आहे. साठ वर्षांचं आयुष्य धरलं तर निम्मं संपलं, म्हणून बांधकाम १२ लाखांचं. एकूण ६४ लाख. हे दर फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या भागातले वेगळे असतील.

आता थोरल्याचा मुद्दा येतो: 'वरची खोली मी माझ्या पैशांनी बांधली.' वडील गेल्यानंतर त्याने तिच्यावर ६ लाख खर्च केले होते. इथे खर्च वजा करायचा नाही, त्या खोलीची आजची किंमत वजा करायची. मूल्यांकनकाराने ती ४ लाख धरली. तेवढी वाढ थोरल्याची. म्हणजे वाटणीला उरले ६० लाख, आणि धाकट्याचा चौथा हिस्सा १५ लाख.

रंगरंगोटी, नळदुरुस्ती, घरपट्टी यांचा हिशेब थोरला काढतो, तेव्हा धाकटाही विचारतो की इतकी वर्षं तू बिनभाड्याचा राहिलास त्याचं काय. साधारणपणे सहमालक राहत असेल तर त्याच्याकडून भाडं मागता येत नाही, जोवर त्याने दुसऱ्याला बाहेर ठेवलेलं नाही. माझं मत असं की नेहमीचा खर्च आणि राहणं ही एकमेकांत फेडलेली धरावीत आणि फक्त टिकाऊ वाढीव बांधकाम मोजावं. बारीकसारीक पावत्या काढत बसलं की व्यवहार वर्षभर लांबतो.

आणखी एक युक्तिवाद ऐकायला मिळतो: अविभक्त हिस्सा बाहेरच्याला कवडीमोलाने जाईल, म्हणून मीही कमीच देणार. बाहेरच्याबाबत ते खरं आहे. राहत्या कौटुंबिक घराचा हिस्सा त्याने घेतला तरी त्याला आत येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही, आणि पहिल्या वर्गाच्या वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याचा प्राधान्यहक्क हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ देतं. पण थोरला बाहेरचा नाही. त्याच्या हाती आल्यावर तो तुकडा घराचा भाग होतो. त्यामुळे ही सूट मागणं मला न्याय्य वाटत नाही. सूट द्यायचीच तर रोख लवकर मिळण्याची द्यावी.

शेवटी ठरलेला आकडा रेडी रेकनरशी, म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याशी ताडून पाहा. समजा त्याप्रमाणे पूर्ण घर ५० लाखांचं, म्हणजे हिस्सा साडेबारा लाखांचा येतो. मुद्रांक शुल्क १५ आणि साडेबारा यांतल्या मोठ्या आकड्यावर, म्हणजे १५ लाखांवर लागेल. उलट भावांनी ११ लाख ठरवले असते तरी शुल्क साडेबारावरच लागलं असतं. शिवाय तफावत १० टक्क्यांहून जास्त असल्याने धाकट्याचा भांडवली नफाही साडेबारावर मोजला गेला असता. कमी किमतीत घेतल्याचा आयकर घेणाऱ्यावर येत नाही, कारण भाऊ नात्यात मोडतो. फटका देणाऱ्याला बसतो, आणि हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही.

विनामोबदला की मोबदल्यासह

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भाऊ, बहीण, आई-वडील, मुलं, पती-पत्नी यांच्या लाभात सोडल्यास नाममात्र शुल्क आहे. ते पूर्वी २०० रुपये होतं, २०२४ च्या दुरुस्तीनंतर ५०० झालं. इतर बाबतीत हक्कसोडपत्राला खरेदीखतासारखंच शुल्क लागतं. 'विनामोबदला' लिहिण्याचा मोह इथूनच सुरू होतो.

तसं लिहिलं आणि १५ लाख बाजूने दिले तर काय होतं? धाकट्याच्या खात्यात मोठी रक्कम येते आणि तिचं कारण दाखवणारा कागद नसतो. थोरल्याने पुढे घर विकलं, तर हे १५ लाख त्याची खरेदी किंमत म्हणून धरता येत नाहीत, म्हणजे त्याच रकमेवर त्याला कर भरावा लागतो. धाकट्याचा शेवटचा हप्ता राहिला, तर मागायला आधार नाही, कारण त्याच्याच सहीने लिहिलंय की काहीही घेतलं नाही. शिवाय दस्तात खरा मोबदला लिहिणं मुद्रांक कायद्यानेच बंधनकारक आहे.

दुसरा घोळ 'वडिलोपार्जित' या शब्दाचा. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात वारसाने मिळालेला हिस्सा हिंदू कायद्याच्या काटेकोर अर्थाने वडिलोपार्जित नसतो. त्यामुळे आपल्या घराला आणि आपल्या मोबदल्याला कोणतं शुल्क लागेल, हे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्याला विचारून ठरवू नका. मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्या. ते लेखी आदेशाने शुल्क ठरवून देतात. मोबदला असलेल्या दस्ताला खरेदीखतासारखं शुल्क लागेल असं धरूनच पैशांची तयारी ठेवा. आपल्या उदाहरणात ६ टक्के धरले तर ९०,००० रुपये, आणि नोंदणी फी १ टक्का म्हणजे १५,०००. नोंदणी फीची कमाल मर्यादा ३०,००० आहे. दर स्थानिक अधिभाराप्रमाणे थोडा कमी-जास्त होतो.

म्हणजे वर साधारण एक लाख. सगळ्या भानगडी टाळण्याची ही किंमत फार नाही.

हप्ते: हक्कसोडपत्र शेवटी

थोरल्याकडे १५ लाख एकरकमी नाहीत. त्याला नऊ महिने हवेत. चूक इथे दोन्ही बाजूंनी होते. धाकटा विश्वासाने आधीच हक्कसोडपत्र नोंदवून देतो आणि मग पैशांसाठी फोन करत राहतो. किंवा थोरला हप्ते भरत जातो आणि हातात काहीच कागद नसतो. मध्ये धाकटा वारला, तर त्याची बायको आणि मुलं म्हणू शकतात की हे पैसे कसले, आम्हाला माहीत नाही.

म्हणून दोन कागद करा. आधी नोंदणीकृत करारनामा, शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी हक्कसोडपत्र. करारनाम्यात वेळापत्रक असं घालता येईल: सहीच्या दिवशी ३ लाख, पाच महिन्यांनी ५ लाख, नऊ महिन्यांच्या आत ७ लाख आणि त्याच दिवशी दस्ताची नोंदणी. तारखा कॅलेंडरच्या लिहा, 'सोयीनुसार' लिहू नका. हप्ता महिनाभर चुकला तर चालेल, त्यापुढे ठरलेल्या दराने व्याज, आणि अमुक महिन्यांनंतर करार रद्द होऊन भरलेली रक्कम किती वजावटीने परत, हे आकड्यात हवं. सगळं देऊनही धाकट्याने सही टाळली तर थोरल्याला न्यायालयातून दस्त करून मागता येईल, हेही लिहा. दोघांचे वारस कराराने बांधील राहतील हे वाक्य विसरू नका. त्याऐवजी कुणी कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवायला सांगेल. ते लिहून देणारा वारला की सहसा निरुपयोगी होतं, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

शुल्काबाबत एक सूचना. थोरला आधीपासून घरात राहत असल्याने करारनाम्यावरच पूर्ण मुद्रांक शुल्क मागितलं जाऊ शकतं. ते वाया जात नाही, शेवटच्या दस्तात वळतं धरलं जातं, पण त्यासाठी मूळ चलन आणि करारनाम्याचा क्रमांक हक्कसोडपत्रात नमूद करावा लागतो. अभिनिर्णयाला देताना दोन्ही मसुदे एकत्र द्या. करारनाम्याचा आणखी एक फायदा आहे: पहिला हप्ता बँकेतून गेला असेल, तर मध्येच रेडी रेकनर वाढला तरी धाकट्याच्या आयकरासाठी कराराच्या तारखेचं मूल्य धरता येतं.

सगळे पैसे खात्यातून खात्यात जाऊ द्या. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. शेवटच्या हप्त्यासाठी कर्ज काढणार असाल, तर करार करण्यापूर्वीच बँकेला विचारा. काही बँका हक्कसोडपत्रावर कर्ज द्यायला तयार नसतात आणि अविभक्त हिश्श्याचं खरेदीखत मागतात. तसं झालं तर दस्ताचं नाव बदलेल, बाकी मांडणी हीच राहील.

धाकट्याने आपला कर आधीच मोजून घ्यावा, नाहीतर १५ लाख हातात येणार असं धरून तो दुसरीकडे शब्द देऊन बसतो. वडिलांनी घर २००१ पूर्वी बांधलं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदी किंमत म्हणून घेता येते, मात्र त्या वेळच्या शासकीय मूल्याहून जास्त नाही. समजा त्याच्या हिश्श्याची तेव्हाची किंमत दीड लाख. नफा साडेतेरा लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी १,६८,७५० रुपये आणि वर उपकर. जुन्या मिळकतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही निवासी व्यक्तीला आहे. या आकड्यांत तो महाग पडतो, पण दोन्ही करून पाहावेत. तो परदेशात राहत असेल तर रक्कम लहान असली तरी थोरल्याला उद्गम कर म्हणजे टीडीएस कापावा लागतो. तिथे सनदी लेखापालाशिवाय पहिला हप्ताही देऊ नका.

हक्कसोडपत्रात काय लिहायचं

छापील नमुने मिळतात. त्यांतला मिळकतीच्या वर्णनाचा भाग बहुधा ठीक असतो. नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि बांधकामाचं वर्णन उताऱ्याशी अक्षरशः जुळलं म्हणजे झालं. नमुने चुकतात ते तीन ठिकाणी.

पहिलं, लाभ कुणाला. 'मी माझा हक्क सोडत आहे' एवढंच लिहिलं, तर तो हिस्सा उरलेल्या सगळ्या सहमालकांत गेला असं म्हणायला जागा राहते. पैसे थोरल्याने दिले आणि चौथाई तिघांत वाटली गेली, असा तो प्रकार. म्हणून थोरल्याचं नाव आणि अपूर्णांक दोन्ही लिहा: या दस्ताने लिहून देणार यांचा एक चतुर्थांश अविभक्त हिस्सा फक्त लिहून घेणार यांच्याकडे गेला असून त्यांचा हिस्सा आता एक द्वितीयांश झाला आहे. आई आणि बहीण यांनी संमती देणार म्हणून सही करावी, त्यांचे हिस्से आहेत तसे राहतात हेही नोंदवावं. कलम २२ च्या प्राधान्यहक्काचा प्रश्नही त्या सहीने मिटतो.

दुसरं, पैशांची पावती. साधारण असं वाक्य चालेल:

'सदर हक्कसोडीचा मोबदला रक्कम रुपये १५,००,००० अक्षरी रुपये पंधरा लाख मात्र लिहून घेणार यांनी खालील परिशिष्टात नमूद तारखांस बँकेमार्फत अदा केला असून तो लिहून देणार भरून पावले आहेत. त्याबाबत त्यांची कोणतीही तक्रार राहिलेली नाही.'

परिशिष्टात प्रत्येक हप्त्याची तारीख, बँक आणि व्यवहार क्रमांक. शेवटचे ७ लाख खात्यात दिसल्याशिवाय धाकट्याने 'भरून पावलो' वर सही करू नये. त्या दिवशी डिमांड ड्राफ्ट आणला तर दोघांचीही चिंता मिटते.

तिसरं, मागची देणी. धाकट्याने हिस्सा कुठे गहाण, विक्री किंवा करारात गुंतवलेला नाही, तसं निघाल्यास नुकसान तो भरून देईल, हे कलम हवं. त्याच्या पत्नीची सही कायद्याने लागत नाही, पण साक्षीदार म्हणून ती असावी असं मी सांगेन. पुढे 'मला माहीतच नव्हतं' हे वाक्य येत नाही.

स्थावरातला हक्क सोडणारा दस्त नोंदवणं सक्तीचं आहे. नोटरीपुढचं हक्कसोडपत्र मालकी बदलत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो, उशीर झाल्यास दंडासह आणखी चार महिने मिळतात. लिहून देणार-घेणार आणि संमती देणार यांनी ओळखपत्रं, पॅन, दोन ओळख देणारे घेऊन दुय्यम निबंधकाकडे जायचं. आईला चालवत नसेल तर गृहभेटीने नोंदणीचा अर्ज करता येतो. दस्तासोबत सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, याची प्रत त्याच दिवशी घ्या आणि नाव, क्षेत्र, मोबदला तिथेच वाचा. चूक नंतर निघाली की चूकदुरुस्ती दस्तासाठी भावाला पुन्हा बोलवावं लागतं.

नोंदणीनंतर

नोंदणी झाली म्हणजे उतारा आपोआप बदलेल असं समजू नका. मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालयात, सातबारा असेल तर गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे फेरफाराची चौकशी करा. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग नोंद प्रमाणित होते. सोसायटीत भाग प्रमाणपत्रावर नोंद करून घ्या. घरपट्टी आणि वीज मीटर यांचं काम नंतर केलं तरी चालतं.

करारनामा, हक्कसोडपत्र, चलनं, मूल्यांकन अहवाल आणि हप्त्यांचे बँक उतारे थोरल्याने एका फायलीत ठेवावेत. पुढे कधी घर विकलं तर त्याच्या नफ्याचा हिशेब दोन भागांत होईल: वारसाने आलेल्या चौथ्या हिश्श्याला वडिलांची जुनी किंमत आणि धाकट्याकडून घेतलेल्या चौथ्या हिश्श्याला १५ लाख अधिक मुद्रांक शुल्क व नोंदणी फी.